मल्लखांबावरची पहिली अढी: हात कुठे, गादी कुठे?

गणेशोत्सवात किंवा शिवजयंतीला मल्लखांबाची प्रात्यक्षिकं पाहताना एक प्रश्न बहुतेकांच्या मनात येऊन जातो. खांबाला एरंडेल चोपडलेलं असतं, उजेडात तो चकाकत असतो, आणि त्याच खांबावर दहा-बारा वर्षांचं पोर नुसत्या मांड्यांच्या जोरावर उलटं लटकून दोन्ही हात सोडून देतं. ते खाली घसरत का नाही? घसरू नये असं वाटत असेल, तर मुळात तेल लावायचंच कशाला?

पुण्याला हा प्रश्न तसा घरचाच आहे. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या, चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात सापडतो. पण आज आपण ओळखतो त्या मल्लखांबाचं श्रेय परंपरेने उत्तर पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांना दिलं जातं. सप्तशृंगीच्या डोंगरावर माकडांच्या उड्या पाहून त्यांना ही विद्या सुचली, अशी कथा आहे. कथेतलं माकड खरं किती, ते बाजूला ठेवू. आज नारायण पेठेतल्या मुलाला मल्लखांब शिकायचा तर लक्ष्मी रस्ता ओलांडून टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्रीय मंडळापर्यंत पायी जाता येतं. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली सुरू केलेली ही संस्था. काही शाळांच्या सभागृहांतही खांब उभा केलेला दिसतो. जुन्या तालमीत खांब जमिनीत पुरलेला असे आणि भोवती खणून भुसभुशीत केलेली माती. सभागृहात खाली शहाबादी फरशी असते, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला बाकं. मातीचं काम तिथे गादीला करावं लागतं आणि उरलेलं शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातांना. तेरा-चौदा वर्षांच्या, अगदी नव्या मुलाला तिथे पहिली अढी, म्हणजे मांड्यांत खांब दाबून उलटं राहण्याची कसरत, शिकवायची असेल तर काय काय करावं लागतं, ते या लेखात पाहू.

तेल कशासाठी?

खांबावर टिकणं म्हणजे घर्षणाचं काम. मांड्या खांबाला जितक्या जोरात दाबाल तितकं घर्षण वाढतं. ढोबळ हिशेब करून पाहू. मुलाचं वजन ४५ किलो आहे असं धरा. कातडी आणि तेलकट लाकूड यांच्यात दाबाच्या चार दशांश इतकं घर्षण मिळतं असंही धरा. नुसत्या दोन मांड्यांवर लटकायचं तर प्रत्येक मांडीने साधारण ५६ किलोंचा दाब द्यायला हवा. लाकूड कोरडं असेल आणि घर्षण सहा दशांश मिळत असेल, तर ३७-३८ किलोंत भागतं. म्हणजे तेल लावल्याने काम अवघड होतं, हे खरंच आहे.

तरीही ते लावतात, कारण मल्लखांबात नुसतं चिकटून राहायचं नसतं. धरायचं, सरकायचं, वळायचं, पुन्हा धरायचं, असा सगळा खेळ. कोरड्या लाकडावर कातडी एके जागी धरून बसते आणि मग एकदम सुटते. त्या झटक्यात मांडीची साल निघते आणि पकडीचाही भरवसा राहत नाही. घामाने तर आणखी गोंधळ होतो. ओला भाग एक वागतो, कोरडा दुसरं. एरंडेल घट्ट असतं, ओघळून जात नाही. त्याचा पातळ हात सगळीकडे सारखा बसला की खांबाचा प्रत्येक भाग सारखाच वागतो. पकड ढिली पडली तरी अंग झटकन सुटत नाही, आधी हळूहळू सरकू लागतं. नवशिक्याच्या सुरक्षेची पहिली पायरी हीच आहे, कारण सरकायला लागल्यावर सावध व्हायला वेळ मिळतो. म्हणून वर्गात तेल लावून झाल्यावर फडक्याने पुसून घ्यावं. तळवा फिरवल्यावर हाताला ओशटपणा लागावा, पण तेल टिपता येऊ नये. जास्त तेल झालेला खांब लगेच ओळखू येतो: मूल पूर्ण जोर लावून दाबत असतं, तरी ते खाली येत राहतं.

पकड उघड्या कातडीची असते, म्हणून ट्रॅकपँट घालून मल्लखांब होत नाही. आखूड, घट्ट चड्डी हवी. मनगटातला गंडादोरा, कडं, साखळी, कानातलं, सगळं काढून ठेवायचं आणि केस वर बांधायचे.

खांबाचा आकारही समजून घेण्यासारखा आहे. स्पर्धेतला पुरलेला खांब जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच असतो. तळाशी त्याचा घेर सुमारे ५५ सेंटिमीटर असतो आणि वर जाताना तो निमुळता होत ३० सेंटिमीटरच्या आसपास येतो. या भागाला अंग म्हणतात. त्यावर मान आणि मानेवर बोंड. तळाशी खांब इतका जाड की मुलाच्या हातात नीट मावत नाही, आणि वर गेलं की पकड सोपी होते. नवी मुलं 'थोडं वर चढून करू का?' असं विचारतात ते यामुळेच. पकड वर सोपी असते खरी, पण पडायची उंचीही तिथेच वाढते. पहिल्या काही आठवड्यांत उत्तर 'नाही' हेच.

अर्धा सेकंद

सव्वा मीटर उंचीवरून सुटलेली कुठलीही वस्तू जमिनीवर यायला अर्धा सेकंद घेते. मल्लखांबावर नुकतंच चढलेल्या मुलाची कंबर साधारण याच उंचीवर असते. सावध असलेल्या माणसालाही 'अरे, सुटला' हे डोळ्यांनी टिपून हात हलवायला सुरुवात करेपर्यंत साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात मूल ३० सेंटिमीटर खाली आलेलं असतं. मग हात तिथवर पोचवायचे, अंग धरायचं, वळवायचं, हे सगळं उरलेल्या पाव सेकंदात.

आता हेच मूल उलटं आहे असं समजा. जमिनीवरून केलेल्या पहिल्या अढीत डोकं गादीपासून ८० सेंटिमीटरवर असू शकतं. तेवढं अंतर पडायला सेकंदाचे चार दशांश भाग पुरतात आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ नुसतं लक्षात येण्यात जातो. वरून येणारं सगळं वजन मानेवर येऊ शकतं. म्हणून दोन पावलांवर हाताची घडी घालून उभा असलेला शिक्षक, तो कितीही अनुभवी असो, या पडण्यात काहीच करू शकत नाही. उलट्या कसरतीत आधाराचे हात आधीपासून अंगाजवळच असावे लागतात.

तिसरी गोष्ट थांबण्याची. क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना आपण हात मागे नेतो. चेंडू तेवढाच, वेगही तेवढाच, पण थांबायला अंतर जास्त मिळालं की हात झणझणत नाही. सव्वा मीटरवरून पडलेलं अंग फरशीवर एखाद्या सेंटिमीटरात थांबलं, तर त्याला स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त जोर सोसावा लागतो. तेच अंग साडेबारा सेंटिमीटर दबणाऱ्या गादीवर थांबलं, तर हा जोर सुमारे दहापटीवर येतो. शरीर दगडासारखं नसल्याने हे आकडे ढोबळच, पण दोन्हींतला फरक खरा आहे. गादीने पडणं थांबत नाही, ती थांबायला जागा देते. शेजारच्या माणसाचे हातही तेच करतात.

गादी कुठे आणि कशी

सभागृहात पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे एक जाड गादी खांबाच्या पुढ्यात टाकलेली आणि मागची बाजू तशीच उघडी. मूल खांबाच्या कुठल्याही बाजूला पडू शकतं. अढीत तर पाठ बाहेरच्या बाजूला असते आणि डोकं खांबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरात. तेव्हा गाद्या चारही बाजूंनी खांबाला भिडलेल्या हव्यात. बुंध्याभोवती चार बोटांची जरी फट राहिली तरी उतरताना पाऊल नेमकं त्यात जातं आणि घोटा मुरगळतो. चौकोनी गाद्यांच्या मध्ये गोल खांब आला की कोपऱ्यांत फटी राहतातच. त्यांत फोमचे कापलेले तुकडे घट्ट बसवायचे, किंवा खांबासाठी गोल खाच कापलेल्या जोडगाद्या वापरायच्या. खांब लोखंडी तळपाटावर उभा असेल तर त्या तळपाटाची कड आणि बोल्टही पूर्ण झाकले गेले पाहिजेत.

गाद्या किती दूरवर पसरायच्या, हे मुलाच्या उंचीवरून ठरवता येतं. दीड मीटर उंचीचं मूल हाताची पकड ठेवून पायांनी सुटलं, तर त्याचे पाय दीड मीटरच्या आसपास बाहेर जातील. त्यात घसरण्याचं अंतर मिळवलं, तर खांबापासून प्रत्येक दिशेला दोन मीटर गादी ठेवणं शहाणपणाचं. पेठेतल्या अरुंद सभागृहात अनेकदा एका बाजूला भिंतच दोन मीटरच्या आत असते. अशा वेळी भिंतीला उभी गादी बांधता येते. पण त्यापेक्षा खांब सरकवणं आणि बाकं दुसऱ्या खोलीत नेणं बरं.

जाडीचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ज्युदोच्या पातळ, कडक गादीवर उभं राहणं सोपं, पण ती दबते थोडी. २०-३० सेंटिमीटर जाडीची मऊ गादी पडणाऱ्याला उत्तम, पण तिच्यावर उभं राहून आधार देणाऱ्याचं पाऊल रुततं. ज्याला स्वतःचाच तोल सांभाळता येत नाही त्याने दुसऱ्याला काय धरायचं? यातून निघालेली व्यवहारी मांडणी अशी: सगळीकडे कडक गादी, आणि तिच्यावर मुलाचं डोकं आणि पाठ जिथे येईल तिथे जाड गादी. आधार देणारा कडक गादीवर उभा राहतो, पायांत खांद्याएवढं अंतर ठेवून, गुडघे किंचित वाकवून. दोन थर असतील तर वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. तसे आले तर दोन्ही थर एकदम फाकतात आणि मध्ये फरशी दिसते.

गादी जुनी झाली की तिच्यातला फोम मरतो. बाहेरून ती तशीच दिसते. गुडघा टेकवून अंगाचा सगळा भार द्या. खालची फरशी गुडघ्याला जाणवली, तर त्या जागी गादी नाही असंच समजायचं. कापसाच्या गाद्यांत कापूस गोळा होऊन मधला भाग पोकळ होतो, आणि तो नेमका खांबाजवळ होतो, कारण तिथेच सगळे उतरतात.

> तास सुरू होण्याआधी पाहायचं
> खांब दोन्ही हातांनी हलवून पाहा. तळाशी हालचाल किंवा आवाज नको. लाकडावर तळवा फिरवा. भेग, कुसळ, तेलाचा थर नको. खांबाभोवतीच्या फटी बंद. गाद्या फरशीवर सरकत नाहीत ना? खांबावर एका वेळी एकच मूल, बाकीची गादीच्या बाहेर. पोट भरलेलं असेल किंवा चक्कर, ताजी दुखापत असेल तर आज उलटं व्हायचं नाही.

आधाराचे हात

आधार देणं म्हणजे मुलाला उचलून धरणं नव्हे. ४५ किलोचं पडणारं अंग हातांत झेलायला गेलं तर देणाऱ्याचीच पाठ धरते. हातांना दोनच कामं करायची असतात: पडण्याचा वेग थोडा कमी करायचा आणि अंग असं वळवायचं की डोकं आधी टेकणार नाही. मान वाचली आणि मूल पाठीवर किंवा नितंबांवर आलं, की पुढचं गादी बघून घेते.

अढीसाठी दोन माणसं हवीत, खांबाच्या दोन बाजूंना एकेक. प्रत्येकाचा एक हात मुलाच्या खांद्यामागे, मानेखालच्या पाठीला लागून. दुसरा कमरेवर किंवा मांडीच्या मागच्या बाजूला. खांद्यामागचा हात सर्वांत महत्त्वाचा. पकड सुटली तर हाच हात खांदा वर उचलतो, मान आत वळते आणि मूल पाठीवर येतं. कपडा धरायचा नाही, तो फाटतो किंवा वर सरकतो. मनगट ओढायचं नाही. ओढल्याने मुलाची उरलेली पकडही सुटते. वर जाणाऱ्या पायांच्या वाटेत आपला चेहरा येऊ द्यायचा नाही. आधार देताना फुटणारं नाक बहुधा शिक्षकाचं असतं.

मुलं एकमेकांना आधार देऊ शकतात, पण उतरताना आणि साध्या पकडीत. पहिल्या उलट्या कसरतींना मोठी माणसंच हवीत. वर्गात एकच शिक्षक असेल तर त्या दिवशी अढी होणार नाही. इतर करण्यासारखं बरंच असतं.

शब्दही आधीच ठरवलेले बरे. घाबरलेल्या मुलाला 'सोडू नकोस' म्हटलं की त्यातला 'सोड' आधी ऐकू जातो. त्याऐवजी 'धर', 'दाब', 'उतर' असे एकेक शब्दाचे हुकूम. मुलाच्या बाजूनेही एक शब्द पक्का हवा. "दादा, उतरतोय" किंवा "ताई, सुटतंय", काहीही चालेल. पण तो आला की आधार देणाऱ्याने विचार न करता भार घ्यायचा आणि 'अजून दोन मोजून दाखव' म्हणायचं नाही. एकदा जरी तसं म्हटलं तरी पुढच्या वेळी मूल तो शब्द उच्चारत नाही, आणि पकड मुकाट्याने सुटते.

अढीपर्यंतचा रस्ता

अढी म्हणजे हातांनी खांब धरून अंग उलटं करायचं, दोन्ही मांड्यांत खांब दाबायचा आणि घोटे एकमेकांत अडकवायचे. इथून पुढे बगल, पाठ, तळपाय अशा नाना अंगांनी धरण्याच्या कसरती सुरू होतात. बगली, दसरंग, वेल, फिरकी, सुईदोरा ही नावं मुलं पहिल्याच दिवशी ऐकतात आणि त्यांना तीच करायची असतात.

समजा, आठवीतला एक मुलगा आला आहे. उंची दीड मीटर, वजन ४५ किलो, आतापर्यंत क्रिकेट सोडून दुसरा खेळ नाही. त्याला प्रथम खांबाच्या जवळसुद्धा न्यायचं नाही. गादीवर हनुवटी छातीला लावून मागे लोळायचं, मागची कोलांटी घ्यायची, आणि उभ्याने मागे पडताना हात मागे न टेकता पाठ गोल ठेवून टेकायचं. पडताना हात मागे टेकणं ही प्रत्येकाची सहज सवय; मनगट आणि कोपर त्यातच मोडतात. ती सवय मोडायला काही तास जातात आणि मुलं कंटाळतात. तरी हा टप्पा गाळू नये.

मग खांबावरची उभी पकड. खांबाला छाती लावून चढायचं, मांड्या आणि पोटऱ्यांत खांब दाबायचा, हात मिठीत. पाय गादीपासून वीतभरच वर. इथे शिक्षकाने मोजायचं. वीस मोजेपर्यंत अंग जागचं हललं नाही, की मिठी सैल करून भार मांड्यांवर घ्यायला सांगायचं. आधीच्या हिशेबातला ५६ किलोंचा दाब इथे त्याला पहिल्यांदा कळतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना चढताना जास्तच कळतो. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी लाल होते. लाली दुसऱ्या दिवशीपर्यंत गेली तर ठीक. साल निघाली असेल तर ती भरेपर्यंत खांब बंद.

तिसरी पायरी खाली येण्याची. अर्ध्या खांबापर्यंत चढायचं आणि पकड किंचित सैल करत, थांबत थांबत खाली सरकायचं. शिक्षक 'थांब' म्हणेल तिथे थांबता आलं पाहिजे. हे ज्याला जमतं त्याची पकड त्याच्या ताब्यात आहे. ज्याला नाही जमत तो वर गेल्यावर नुसता टिकलेला आहे, एवढंच. चढता येण्यापेक्षा थांबता येण्यावर पुढची परवानगी ठरवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अनेक वर्गांत याच्या उलट होतं, कारण चढणं पालकांना दिसतं.

आता उलटं होण्याची तयारी. हात खांबावर, पाय जमिनीवर, आणि एक छोटी उडी मारून गुडघे छातीशी आणायचे, तेवढंच करून परत खाली. कोपर वाकलेले राहायला हवेत. हात सरळ झाले तर अंग खांबापासून दूर लोंबतं आणि पाय वर जातच नाहीत. गुडघे छातीशी धरून पाच मोजता आले, की दोन्ही बाजूंचे आधार घेऊन पाय वर.

पहिली अढी अशी होते. छातीच्या उंचीवर दोन्ही हातांची पकड, डोकं खांबाच्या एका बाजूला. उडी, गुडघे छातीशी, आणि कमरेवरच्या आधाराने पाय खांबाच्या दोन बाजूंनी वर. मांड्यांत खांब आला की घोटे अडकवायचे आणि दाबायचं. हात सोडायचे नाहीत. मोठ्याने तीन मोजायचे, आणि मोजणारं मूलच हवं. उलटं झाल्यावर मुलं श्वास रोखतात, आणि बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. मग घोटे सोडायचे, गुडघे पुन्हा छातीशी, पाय आले त्याच वाटेने खाली. परतीची ही वाट आधी पाठ झालेली हवी. मूल अडकतं ते वर जाताना कमी, खाली येताना जास्त. अनेकदा ते हात आधी सोडतं, कारण उलट्या जगात 'खाली' कुठे, हे त्याला कळेनासं होतं.

पकड संपत आली हे कसं ओळखायचं? क्रमाने तीन खुणा दिसतात. दंड थरथरू लागतात. मग घोट्यांचा अडकाव उघडू लागतो, पायाची बोटं फाकतात. शेवटी सगळं अंग दोन-तीन सेंटिमीटर खाली सरकतं. पहिल्या खुणेलाच 'उतर' म्हणायचं. तिसरी खूण दिसेपर्यंत थांबलं तर खांद्यामागच्या हाताला काम लागलंच.

अशी अढी एका तासात चार-पाच वेळा पुरे, प्रत्येकाच्या मध्ये भरपूर विश्रांती. थकलेल्या दंडांनी केलेली सहावी अढी काही शिकवत नाही. कितीही वेळा करून घेतली तरी तिच्यात दिसणारी चूक पकडीची नसते, थकव्याची असते. एकामागून एक तीन तासांना मूल आधाराच्या हातांवर भार न टाकता वर जाऊन खाली आलं, की कमरेचा हात काढायचा. खांद्यामागचा हात मात्र त्यानंतरही बराच काळ राहतो, अंगाला न लागता, चार बोटांवर. हात सोडून लटकण्याची पाळी त्याच्यापुढची, आणि तेव्हा दोन्ही हात पुन्हा अंगाला लावून सुरुवातीपासून.

याच वयात का अडतं?

दहा वर्षांची असताना सहज अढी घेणारी मुलगी तेराव्या वर्षी अडखळू लागते आणि घरचे म्हणतात, आळशी झाली. बहुधा कारण वेगळंच असतं. अंग सगळीकडून सारखं वाढलं असं धरलं, तर उंची दहा टक्क्यांनी वाढताना वजन तेहतीस टक्क्यांच्या आसपास वाढतं, पण स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे त्यांचा जोर, साधारण एकवीस टक्केच. स्वतःचंच वजन उचलायच्या खेळात हा फरक लगेच जाणवतो. हात-पायही लांब झालेले असतात, त्यामुळे पाय वर नेताना तोल नव्या जागी सापडतो. अशा मुलाला एक पायरी मागे नेऊन उभी पकड आणि गुडघे छातीशी यांवर काही आठवडे घालवले, की गाडी पुन्हा रुळावर येते.

या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. मनगट, कोपर किंवा कंबर यांत एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, जे विश्रांतीनंतरही दुसऱ्या आठवड्यात तसंच राहतं, ते स्नायूंचं नाही असं धरून डॉक्टरांना दाखवावं. आणि मूल डोक्यावर किंवा मानेवर पडलंच, तर त्याला उठवून बसवायचं नाही. मान दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, हे आडवं असतानाच विचारायचं. होय म्हटलं तर डोकं आहे त्या स्थितीत दोन हातांनी स्थिर धरून ठेवायचं आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावायचं.

दोरीवर काय बदलतं?

दोरीचा मल्लखांब आधी वेताचा होता. चांगला वेत मिळेना तेव्हा त्याची जागा सुती दोरीने घेतली. दोरी साधारण बोटाएवढी जाड, वर आकड्याला टांगलेली, खालचं टोक मोकळं. कसरत करताना तिला गाठ मारायची नसते. पकडीसाठी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची. मुलींच्या स्पर्धा दोरीवर होत आल्याने अनेक वर्गांत मुलींना थेट तिथेच सुरुवात करून देतात.

खांब जागचा हलत नाही, दोरी हलते. दोरी झुलत असताना सुटलेली मुलगी दोरीच्या खाली पडत नाही, झोक्याच्या दिशेला पडते. म्हणून दोरीखालची गादी एका जागी जाड करून भागत नाही, ती सगळीकडे सारखी पसरलेली हवी. सुरुवातीला एकाने दोरीचं खालचं टोक हलकेच ताणून धरावं. पाय कायम गादीपासून हातभर उंचीतच असावेत. आधार देणाऱ्याने दोरीबरोबर सरकायचं असतं, त्यामुळे कडक गादीचं महत्त्व इथे दुप्पट. पहिली पायरी अंगठ्याच्या पकडीवर उभं राहण्याची, आणि ती बसल्याबसल्या, दोरी बेचक्यात घालून ओढून पाहण्यापासून शिकवता येते.

इथला नेहमीचा धोका उंचीचा नाही, घसरण्याचा आहे. दमलेली मुलगी हात सैल करून सरकन खाली येते आणि तळहात, मांडी, पायाची बेचकी भाजल्यासारखी सोलते. दोरी उतरतानाही एकेक हात बदलत, पायाची पकड न सोडता यायचं, हे चढण्याआधी शिकवावं लागतं.

आणि दोरी स्वतः. दर आठवड्याला ती सोडवून बोटांमधून सगळी फिरवायची. कुठे बारीक झाली आहे, कुठे आतले धागे तुटून मऊ लागते, कुठे घामाने काळी पडून कडक झाली आहे, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. सर्वांत जास्त झीज आकड्याशी होते, जिथे दोरी वळते आणि जिथे खालून कोणाचं लक्ष जात नाही. तेव्हा शिडी लावून तिथवर चढायचं, आकडा आणि त्याचा तुळईतला बोल्ट हाताने हलवून पाहायचा, आणि शंका आली तर त्या दिवशी दोरी गुंडाळून सगळ्यांना कोलांट्यांना लावायचं.